मुठीतली संख्या

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकांना लिहिलेल्या चिठ्ठीतल्या या ओळी पाहा: "सर, कोणत्याही विषम संख्येच्या वर्गातून 1 वजा केला तर उरलेल्या संख्येला 8ने निःशेष भाग जातो, हे सिद्ध करताना तुम्ही फळ्यावर लिहिता, 'समजा n ही कोणतीही एक विषम संख्या आहे.' मग सगळं गणित त्या एकट्या n वर होतं आणि शेवटी निष्कर्ष मात्र सगळ्या विषम संख्यांबद्दल. एकावरून सगळ्यांवर उडी कशी घेता येते? आणि ती घेता येत असेल, तर मी 7 घेऊन केलेलं का चालत नाही?"

प्रश्न फार खोल आहे. विषम संख्या अनंत आहेत. त्या एकेक करून तपासायला बसलो, तर कितीही पुढे गेलो तरी न तपासलेल्या संख्या अनंतच उरणार. आणि n हे अक्षर लिहून चार ओळींत आपण त्या सगळ्यांबद्दल छातीठोकपणे बोलतो! हे होतं तरी कसं?

आधी उदाहरणांचं बघू. n² + n + 41 हे सूत्र घ्या. n = 0 ठेवलं तर 41, मूळ संख्या. n = 1 ला 43, n = 2 ला 47, दोन्ही मूळ. असं करत 39पर्यंत जा. सलग चाळीस वेळा मूळ संख्याच मिळते. इथे कुणालाही वाटेल, आता आणखी काय तपासायचं? पण n = 40 ठेवा. 40 × 40 + 40 म्हणजे 40 × 41, त्यात आणखी एक 41 मिळवला की 41 × 41 = 1681. ही मूळ संख्या नव्हेच! गणितज्ञ पोल्या यांनी 1919 साली मूळ अवयवांच्या मोजणीबद्दल मांडलेला एक अंदाज तर असाच कोट्यवधी संख्यांना पुरून उरला. तो पहिल्यांदा मोडतो ती संख्या आहे 90,61,50,257. नव्वद कोटी संख्या बाजूने साक्ष देतात आणि तरी विधान खोटं!

मग n वेगळं काय करतो?

समजा मी मुठीत एक विषम संख्या लपवली आहे. मूठ उघडायची नाही. तुम्हाला एवढंच ठाऊक की ती विषम आहे. 3 असेल, 40 आकडी असेल, काहीही. आता बंद मुठीवरच गणित सुरू करा. विषम आहे म्हणजे कुठल्या तरी संख्येची दुप्पट अधिक 1, म्हणून n = 2k + 1. वर्ग करून 1 वजा केला की उरतं 4k² + 4k, म्हणजेच 4 × k × (k + 1). आता k आणि k + 1 या लागोपाठच्या संख्या. त्यांतली एक सम असणारच, म्हणून त्यांच्या गुणाकाराला 2ने भाग जातो. चार गुणिले दोन, आठ. झालं!

मूठ अजून बंदच आहे, हे लक्षात आलं का? संख्या कोणती ते कळलं नाही, तरी तिच्याबद्दलचं सत्य कळलं. आणि ती न कळल्यामुळेच ते सगळ्या विषम संख्यांना लागू पडतं. मुठीत दुसरी कुठलीही विषम संख्या असती, तरी या ओळींतलं एक अक्षरही बदलावं लागलं नसतं. म्हणजे एकावरून सगळ्यांवर उडी घेतलीच नाही. लिहिली ती एक सिद्धता, पण तिच्यात प्रत्येक विषम संख्येची सिद्धता आधीच होती. इथे n कसा निवडला हा प्रश्नच येत नाही. चिठ्ठी टाकून निवडलेली 7 ही शेवटी 7च असते. n निवडायचा असतो तो समोरच्याने, आणि आपल्याला न सांगता.

आता त्या 7कडे वळू. 7 = 2 × 3 + 1. वर्गातून 1 वजा केला की 48, म्हणजे 4 × 3 × 4. "यातला शेवटचा 4 सम आहे, म्हणून आठाने भाग जातो," असं तिने लिहिलं असेल, तर चोर तिथेच सापडतो. इथे k म्हणजे 3 विषम होता, म्हणून k + 1 सम निघाला. 9 घ्या, k = 4. आता शेवटचा आकडा 5, आणि तो सम नाही! 7चा एक खासगी गुण सिद्धतेत शिरला होता. त्याऐवजी तिने "3 आणि 4 लागोपाठचे आहेत, त्यांतला एक सम असतोच" असं लिहिलं असतं, तर तर्क संपूर्ण सर्वसाधारण झाला असता. फक्त 7 हे चिन्ह डोळ्यांसमोर असताना तिने त्याचा कोणता गुण वापरला आणि कोणता नाही, हे परीक्षकाने ओळखायचं कसं? n लिहिला की ती चोरी करायची सोयच राहत नाही.

गंमत म्हणजे युक्लिड हेच काम चित्र काढून करत आला. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, हे सिद्ध करताना कागदावर येतो तो एकच ठरावीक त्रिकोण. तत्त्वज्ञ लॉकला 1690 साली प्रश्न पडला होता, की ना काटकोनी, ना समभुज, ना विषमभुज असा सर्वसाधारण त्रिकोण मनात आणायचा तरी कसा? त्यावर 1710 साली तत्त्वज्ञ बर्कलीने जे सांगितलं ते आजही थक्क करतं. काढलेला त्रिकोण खुशाल काटकोनी असू दे, सिद्धतेत त्या काटकोनाचा उल्लेख कुठेच आला नाही एवढं पुरे!

या "उल्लेख आला नाही"ला काटेकोर नियमाचं रूप दिलं 1930च्या दशकात गेरहार्ड गेंटसेन या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने. "सर्व" असं म्हणण्याच्या क्षणी, अजून मागे न घेतलेल्या कोणत्याही गृहीतकात ते अक्षर असता कामा नये. समजा x सम आहे, तर x² सम. इथवर ठीक. पण लगेच "म्हणून प्रत्येक संख्येचा वर्ग सम" म्हटलं तर? 3चा वर्ग 9. "x सम आहे" हे गृहीतक अजून उभं होतं, म्हणजे मूठ अर्धवट उघडी होती. आधी ते मागे घेऊन "x सम असेल तर x² सम" असं म्हणायचं, मगच "प्रत्येक x साठी" जोडायचं.

पण "समजा n ही कोणतीही एक संख्या" अशी सुरुवात करायलाच हवी का? नाही! संख्या मोजक्याच असतील तर सगळ्या तपासणं हीही शंभर टक्के सिद्धता आहे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी 1949 साली जगापुढे ठेवलेला 6174 आठवा. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा आणि हेच पुन्हा करा. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतोच.

सुरुवातीला शून्य चालतं असं धरलं, तर तपासायच्या संख्या 9990. त्या एकेक करून तपासता येतील. पण मूठ बंद ठेवा, अंक उतरत्या क्रमाने a, b, c, d म्हणा आणि वजाबाकी करा. उरतं 999(a − d) + 90(b − c). म्हणजे चार अंकांतून फक्त दोन फरक महत्त्वाचे! a − d हा 1 ते 9, आणि b − c हा 0पासून फार तर a − d इतका. मोजा, अशा जोड्या आहेत फक्त 54. पहिल्या वजाबाकीनंतर 9990 संख्या 54 उत्तरांत येऊन बसतात, आणि उरलेली तपासणी वहीच्या दोन पानांत मावते.