कर्ज देणारी कंपनी खरी की खोटी? फी भरण्याआधी हे बघा

समजा, मसाल्याच्या गिरणीसाठी तुम्हाला 2 लाख हवेत. एक दिवस फोन येतो, "सर, कर्ज मंजूर झालंय, फक्त 3,500 रुपये प्रोसेसिंग फी भरा." व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं सर्टिफिकेट येतं, सोबत जीएसटी नंबरही.

आता बघा, जीएसटी किंवा कंपनी नोंदणीचा कागद म्हणजे कर्ज देण्याची परवानगी नव्हे. बँक नसलेल्या फायनान्स कंपनीला, म्हणजे एनबीएफसीला, रिझर्व्ह बँकेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती यादी rbi.org.in वर आहे. तिथे कंपनीचं पूर्ण नाव शोधा. अर्धवट जुळणारं नाव चालणार नाही. नोंदणी रद्द झालेल्यांची यादी वेगळी असते, तीही चाळा.

नाव सापडलं? तरी थांबा. खरी गोम इथेच आहे. ठग बऱ्याचदा खऱ्या कंपनीचंच नाव आणि सर्टिफिकेट वापरतात. म्हणून यादीतल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर स्वतः विचारा, "हा माणूस तुमचा आहे का?" त्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नका, पलीकडे त्याचाच जोडीदार बसलेला असतो.

आणि क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं, तर तिथेच सोडा. खऱ्या कर्जात फी मुख्य तथ्य पत्रकात लिहिलेली असते आणि बहुतेकदा कर्जाच्या रकमेतूनच वळती होते.

तक्रार sachet.rbi.org.in वर करता येते. पैसे गेलेच असतील, तर आधी 1930 ला फोन लावा, लगेच.