वेबसाइटचं कोटेशन मागवताना

‘आंब्याची वेबसाइट करायची आहे, किती खर्च येईल?’ एवढाच मेसेज तीन एजन्सींना पाठवला, तर एकीकडून वीस हजारांचा आकडा येईल, दुसरीकडून दीड लाखाचा. यात फसवणूक असतेच असं नाही. प्रत्येकीने मनात वेगळीच साइट धरलेली असते. म्हणून आपल्याला काय हवं ते दीड पानात लिहून द्यावं आणि तिघींना तोच कागद पाठवावा.

समजा, देवगडचा एक बागायतदार आहे आणि त्याचा बहुतेक माल वाशीच्या बाजारात जातो. त्याने ‘आकर्षक साइट हवी’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘येत्या हंगामात 400 पेट्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट विकायच्या आहेत’ असं लिहिलं, की कामाला आकार येतो. मग पेट्यांचा शिल्लक साठा दिसायला हवा, पिनकोड टाकल्यावर माल तिथे पोचतो का ते कळायला हवं, पाठवणीची तारीख निवडता यायला हवी. पानंही यातूनच ठरतात: बागेची माहिती, ऑर्डर, घरपोच सेवा, संपर्क. शिवाय परतावा, गोपनीयता आणि अटी यांची पानं लागतात, कारण ऑनलाइन पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवेचं खातं उघडताना ती सहसा तपासली जातात. मजकूर आणि फोटो कोण देणार, हेही लिहावं. डिसेंबरात झाडाला मोहोर असतो, पिकलेला हापूस नसतो. फोटो आदल्या मे महिन्यातच काढून ठेवावे लागतात.

वेळापत्रक मागून पुढे मोजावं. बुकिंग फेब्रुवारीअखेर सुरू व्हायचं तर महिनाभर आधी साइट तयार हवी, म्हणजे गेटवेची मंजुरी आणि चाचणीच्या ऑर्डरी यांना वेळ मिळतो. त्यामुळे पत्र ऑक्टोबरातच जायला हवं. उशीर बऱ्याचदा आपल्याच मजकुरापायी होतो, म्हणून तो देण्याची तारीखही त्यात घालावी.

बजेट सांगितलं तर एजन्सी तेवढेच पैसे लावेल, अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते लपवण्यात तोटा जास्त आहे. ‘60 ते 90 हजार, 18 टक्के जीएसटी धरून’ असं कळलं, की तयार थीमवर काम करायचं की सगळं नव्याने बांधायचं, हे एजन्सीला ठरवता येतं. डोमेन, होस्टिंग आणि देखभाल यांचा दरवर्षीचा खर्च मात्र वेगळा मागावा. डोमेन आपल्याच नावावर नोंदवलं जाईल, हे लेखी घ्यावं, नाहीतर पुढे एजन्सी बदलताना पत्ताच अडकून पडतो.

उत्तरं आली की आधी रकमेकडे पाहू नये. पिनकोडचा मुद्दा त्यात आलाय का, ते पाहावं. नुसतंच ‘डायनॅमिक, मोबाइल फ्रेंडली’ लिहिलेलं असेल, तर तो जुनाच मसुदा नाव बदलून पाठवलेला असण्याची शक्यता मोठी. ‘पेटीत डागी फळ निघालं तर गिऱ्हाइकाने फोटो कुठे पाठवायचा?’ असं उलट विचारणारी एजन्सी थोडी महाग असली, तरी तिच्याशी आधी बोलावं.