तिरप्या भूखंडावरची सरळ इमारत

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत आउटर रिंग रोड आणि जुना एअरपोर्ट रोड एकमेकांना भेटतात. तिथली कोणतीही इमारत रस्त्याकडे तोंड करून उभी असते. उत्तर कुठे आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. सर्वेक्षकाची फाइल मात्र उत्तर वर धरूनच येते. भूखंडाचे कोपरे त्यात पूर्व आणि उत्तर अशा निर्देशांकांत असतात, आणि आकडे लाखांत.

उदाहरणादाखल तिथला एक 40 बाय 60 फुटांचा भूखंड घेऊ. रस्त्याकडच्या बाजूचा एक कोपरा ‘अ’. त्याच्यापासून दुसरा कोपरा ‘ब’ 10.86 मीटर पूर्वेला आणि 5.53 मीटर उत्तरेला आहे. म्हणजे बाजू 12.187 मीटरची, आणि ती पूर्वेच्या रेषेशी 26.986 अंशांचा कोन करते. हा कोन ‘27च धरू’ म्हणून हाताने टाइप केला की 18.29 मीटर खोलीच्या मागच्या टोकाला साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो. कागदावर तो दिसत नाही. पण सर्वेक्षणाच्या सीमारेषेला टेकवलेल्या भिंती आणि कोन टाइप करून काढलेल्या भिंती एकत्र आल्या की कोपरे जुळत नाहीत, आणि हॅच भरायला गेले की प्रोग्रॅम ‘सीमा बंद नाही’ म्हणून अडतो.

काहीजण सगळा नकाशाच फिरवून सरळ करतात आणि काम संपल्यावर परत तिरपा करतात. मला हे पटत नाही. मधल्या काळात स्ट्रक्चरवाल्याची किंवा ड्रेनेजवाल्याची फाइल आली तर ती जुन्या जागीच उतरणार, आणि आपली इमारत भलतीकडे. ऑटोकॅडमध्ये नकाशाला हात न लावता अक्ष फिरवता येतात. त्यालाच यूसीएस म्हणतात. मूळ जागतिक निर्देशांक जिथल्या तिथे राहतात, फक्त आपली मोजपट्टी रस्त्याला समांतर होते.

```
OSNAPZ
1
UCS
```

इथे ‘अ’ कोपऱ्यावर क्लिक करून एंटर दाबायचे. मूळबिंदू तिथे येतो. मग पुढचे:

```
UCS
Z
```

कोन विचारला की आकडा टाइप न करता आधी ‘अ’वर आणि मग ‘ब’वर क्लिक करायचे. प्रोग्रॅम कोन स्वतः उचलतो, सगळ्या दशांशांसह. त्यानंतर `PLAN` देऊन `C` निवडले की पडदा फिरतो आणि भूखंड डोळ्यांना सरळ दिसतो. वस्तू जागच्या हलत नाहीत. आता ऑर्थो, आयत, हॅच, अक्षरे सगळे रस्त्याच्या दिशेने चालते. मापांत तर फरक लगेच कळतो: जागतिक अक्षांत `DIMLINEAR` ने त्याच बाजूचे माप आडवे घेतले तर 10.86 येते, नव्या अक्षांत 12.187.

अक्ष Z भोवतीच का फिरवायचे, तीन कोपऱ्यांवर क्लिक करून यूसीएस का बसवायचा नाही? कारण टोटल स्टेशनने घेतलेल्या बिंदूंना उंचीही असते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर आहे, आणि जमीन काही सपाट नाही. समजा ‘ब’ कोपरा ‘अ’पेक्षा 60 सेंटिमीटर वर आहे आणि मागचा कोपरा 90 सेंटिमीटर. या तिन्हींवर क्लिक केले तर अक्ष नुसते फिरत नाहीत, जमिनीच्या उतारासारखे कलतात. मग तुम्ही काढलेला काटकोन त्या कललेल्या पृष्ठावर काटकोनच असतो, पण वरून पाहिला की त्यात सुमारे 0.14 अंशांचा फरक पडतो. मागच्या भिंतीपर्यंत जाता जाता तो जवळजवळ साडेचार सेंटिमीटर होतो, आणि रस्त्याकडची बाजू दीड सेंटिमीटर आखूड दिसते. भिंती वाकड्या येतात त्या बहुतेकदा अशाने, आणि दोष मात्र सर्वेक्षकाच्या माथी जातो.

ओळखायचे कसे? `UCSXDIR` आणि `UCSYDIR` टाइप करा. प्रत्येकी तीन आकडे येतात. आपल्या भूखंडात पहिल्याचे साधारण 0.891, 0.454 आणि 0. दोन्हींत तिसरा आकडा नेमका शून्य हवा. तो 0.049 असा काही आला तर अक्ष कलले आहेत. `FILLET` सारख्या साध्या आज्ञा अडू लागल्या तरी आधी हाच संशय घ्यावा. वर दिलेले `OSNAPZ` चे 1 हे क्लिक केलेल्या बिंदूची उंची सोडून देते, त्यामुळे ही भानगड सुरुवातीलाच टळते. मात्र आधीच कललेल्या अक्षांवर काढलेल्या रेषा त्याने सुधारत नाहीत. त्या पुन्हा काढाव्या लागतात.

बसवलेला यूसीएस नाव देऊन जपून ठेवावा:

```
UCS
NA
S
BHUKHAND
```

दुसऱ्याची फाइल संदर्भ म्हणून जोडण्याआधी मात्र `UCS` आणि `W` देऊन जागतिक अक्षांवर परत या. फिरवलेल्या अक्षांत ती जोडली तर तीही तितकीच फिरून बसते. काम सुरू करताना `UCS`, `NA`, `R` आणि नाव दिले की आपले अक्ष परत मिळतात. नकाशा कोणाकडे पाठवण्याआधी त्या तिसऱ्या शून्यावर एकदा नजर टाकाच.