पत्र आज आलं, भाडं मात्र आधीच ठरलं होतं

पुण्यातल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. करार ३६ महिन्यांचा, भाडं महिना २०,००० रुपये, दरवर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट एक लाख. पहिलं वर्ष संपत आलं की घरमालकांचं पत्र येतं: ‘सप्रेम नमस्कार. आपण घर फार नीट ठेवता, याचं समाधान वाटतं. यंदा सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर दोन्ही वाढले आहेत. करारातील अटीनुसार १ जूनपासून भाडे २१,००० रुपये राहील, कृपया नोंद घ्यावी.’

किती साधं पत्र! पण यातलं कोणतं वाक्य भाडं वाढवतं, सांगता येईल? मेंटेनन्सचं? मुळीच नाही. मेंटेनन्स उद्या कमी झाला तरी भाडं २१,०००च होणार, आणि तिप्पट झाला तरी त्यावर एक रुपया चढणार नाही. ते वाक्य सौजन्याचं आहे आणि ते असावंच, कारण दोघांना अजून दोन वर्षं नातं टिकवायचंय. सगळा भार पेलतात ते दोनच शब्द, ‘करारातील अटीनुसार’.

म्हणजे वाढ पत्रानं होतच नाही. ती वर्षभरापूर्वीच, दोघांनी अंगठे टेकवले त्या दिवशी झाली. याचा पुरावा कुठे सापडतो माहीत आहे? मुद्रांक शुल्कात! महाराष्ट्रात अशा करारावर पाव टक्का शुल्क लागतं, आणि ते संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर मोजतात. पहिल्या वर्षाचे २,४०,०००, दुसऱ्याचे २,५२,०००, तिसऱ्याचे २,६४,६००. शिवाय परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, तीन वर्षांचे ३०,०००. बेरीज ७,८६,६००, त्याचा पाव टक्का जवळजवळ दोन हजार. थोडं थांबून बघा: जे भाडं दोन वर्षांनी द्यायचंय, त्याच्यावरचं शुल्क सरकारनं पहिल्याच दिवशी घेतलेलं आहे!

मग हा पाच टक्क्यांचा आकडा आला कुठून? कायद्यातून? नाही, आणि त्यामागे मुंबईची एक विलक्षण हकिकत आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं तिथली बहुतेक जुनी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. भाडं वाढेना, भाडेकरू हलेना. तेव्हा मालकांनी वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची: घर भाड्यानं दिलेलंच नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे! मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू परवानगीवर राहणारे लोक त्या एका तारखेनं संरक्षित भाडेकरू ठरले. दोन्ही बाजूंची ही ओढाताण १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यापर्यंत चालली. संरक्षित भाडेकरूंसाठी त्यात वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आली. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे आपल्या पुण्यातल्या करारासारख्या कराराला, मात्र टक्क्यांची मर्यादा नाही. तिथे दोघं ठरवतील तो आकडा, आणि एकदा ठरला की दोघांनाही बांधणारा.

म्हणूनच करारात वाढीचं कलमच नसेल, तर मुदत संपेपर्यंत कितीही गोड पत्र आलं तरी ती फक्त विनंती असते. मान्य करायची की नाही, हे राहणाऱ्यानं ठरवायचं. आणि करार नोंदवलेलाच नसेल तर? मग कायदा चक्क राहणाऱ्याच्या बाजूला झुकतो. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी असते, आणि ती त्यानं पाळली नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

कलम असूनही खटका उडतो तो तिसऱ्या वर्षी. पाच टक्के कशावर? मूळ २०,०००वर धरले तर २२,०००, आदल्या वर्षाच्या २१,०००वर धरले तर २२,०५०. पन्नास रुपयांचा फरक, पण दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं, कारण ‘दरवर्षी पाच टक्के’ या शब्दांत दोन्ही अर्थ बसतात. उपाय अगदी सोपा आहे. करारात टक्के न लिहिता प्रत्येक वर्षाची रक्कमच लिहायची. तारखेचंही तसंच: सही मे महिन्यात झाली असली तरी मुदत १ जूनपासून सुरू होत असेल, तर वाढही जूनपासूनच. मेच्या भाड्यात ती मागता येत नाही.

आणि ३७व्या महिन्यात? तिथे पाच टक्क्यांचं कलम करारासोबतच संपतं. पुढे राहायचं तर नवा करार, नवी घासाघीस. तसा करार न करता मालकाच्या इच्छेविरुद्ध कुणी राहिलंच, तर मात्र पाच टक्के विसरा. घर सोडेपर्यंत भाड्याच्या दुपटीनं भरपाई द्यावी लागेल, हे त्याच १९९९च्या कायद्याच्या कलम २४मध्ये लिहिलेलं आहे.