‘ते नुसते लिहायचे असते’

आपल्यातील कितीतरी कुटुंबे शहरात भाड्याच्या घरात राहतात. अकरा महिने संपत आले की घरमालक नव्या कराराचा मसुदा पाठवतो. आपण भाड्याचा आकडा पाहतो, थोडी घासाघीस करतो आणि सही करतो. बाकीची कलमे वाचायची राहून जातात. कल्याणला राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका भगिनी यंदा असा मसुदा घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांची हकीकत सर्वांच्याच उपयोगाची आहे.

त्यांचे भाडे होते ९,००० रुपये आणि डिपॉझिट ३०,०००. सोसायटीचा १,२०० रुपयांचा मेंटेनन्स मालक भरत असत. नव्या मसुद्यात भाडे १०,००० होते. “हजारच तर वाढवलेत, ताई,” असे मालक म्हणाले. पण चौथ्या कलमात लिहिले होते की, यापुढे सोसायटीचे सर्व आकार भाडेकरूने भरावेत. म्हणजे घराचा महिन्याचा खर्च ९,००० वरून ११,२०० झाला. वाढ हजाराची नसून २,२०० रुपयांची, म्हणजे जवळजवळ पंचवीस टक्के होती. म्हणून भाडे आणि मेंटेनन्स यांची बेरीज करूनच जुना व नवा आकडा ताडून पाहावा. ‘सर्व आकार’ हे शब्दही फसवे आहेत. सोसायटीच्या बिलात दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड असतो. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सभासदाकडून वेगळा आकारही घेते. हे खर्च घर ज्याच्या मालकीचे त्याचे. बिलाची नक्कल मागितली की सारे उघड होते.

सहावे कलम लॉक-इनचे होते. भाडेकरूने अकरा महिन्यांच्या आत घर सोडले, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे. मालकाने मात्र एक महिन्याची नोटीस देऊन घर खाली करून घ्यावे! या भगिनींचे यजमान कंत्राटी कामगार आहेत. चौथ्या महिन्याअखेर काम दुसऱ्या गावी गेले, तर सात महिन्यांचे ७०,००० रुपये अंगावर येणार, आणि डिपॉझिट मालकाच्याच हातात. अशी रक्कम अवाजवी आहे, असे कोर्टात म्हणता येते; पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

दुरुस्तीचे कलम एका ओळीचे होते: ‘सर्व दुरुस्ती भाडेकरू करील.’ स्वयंपाकघराच्या भिंतीला तर दोन पावसाळ्यांपासून ओल होती. ताईंनी विचारले, तेव्हा मालक म्हणाले, “ते नुसते लिहायचे असते. मी आहे ना!”

माणूस भला असेलही. परंतु १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, लीव्ह अँड लायसन्सच्या लेखी करारात जे नमूद असते तोच निर्णायक पुरावा धरला जातो. तोंडी आश्वासन तिथे टिकत नाही. मालकाने घर विकले किंवा कारभार मुलाच्या हाती गेला, तर ते आश्वासन कोणाला दाखवणार?

ताईंनी भांडण केले नाही. कोऱ्या कागदावर तीन दुरुस्त्या लिहून नेल्या. भाडे मेंटेनन्ससह १०,५०० असावे. लॉक-इन सहा महिन्यांचे व दोघांनाही सारखे असावे, नंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. नळाचा वॉशर, बल्ब अशी रोजची दुरुस्ती भाडेकरूची. ओल, गळती, भिंतीतील पाइप व वायरिंग मालकाचे. सोबत ओलीच्या भिंतीचे फोटो तारखेसह जोडले. चांगला भाडेकरू गेला तर घर महिना-दोन महिने रिकामे राहते, दलालीही पडते, हे मालकही जाणून होते. दोन दिवसांनी त्यांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या. भाडे १,५०० ने वाढले खरे. पण मूळ मसुद्यापेक्षा महिन्याला ७०० रुपये, अकरा महिन्यांत ७,७०० रुपये वाचले.

हे बोलणे त्यांनी मुदत संपण्याच्या दीड महिना आधी केले, हे महत्त्वाचे. त्याच कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर करार नसताना घर अडवून ठेवले, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. बोलणी लांबवून शेवटच्या आठवड्यात आणली, की भाडेकरूचाच हात दगडाखाली सापडतो.

शेवटी नोंदणी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आहे. महाराष्ट्रात तो चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ताईंनी नोंदणीच्या वेळी अंगठा देण्यापूर्वी पडद्यावरचा मसुदा पुन्हा वाचला. जुने सहावे कलम तसेच राहिले होते. टंकणाऱ्याची चूक असेल. पण ती तिथेच सुधारून घेतली, म्हणून ७०,००० रुपयांची टांगती तलवार दूर झाली.

आपला मसुदा आला असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या कोणाला तरी तो मोठ्याने वाचायला सांगा. पहिल्या ओळीपासून, शेवटच्या ओळीपर्यंत.