विश्लेषण : सोसायटीत चार्जिंगची खात्री नाही, मग इलेक्ट्रिक कार परवडते का?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत इलेक्ट्रिक कार घेण्याचा विचार करणाऱ्यांचा पहिला प्रश्न गाडी किती किलोमीटर चालते हा नसतो. रात्री ती कुठे लावायची आणि तिथे प्लग मिळणार का, हा असतो. घरी चार्जिंगची सोय असेल तर या गाडीचा खर्च खूपच कमी येतो. ती नसेल तर हिशेब कसा बदलतो?

महिन्याचा खर्च किती?

समजा, डोंबिवलीतील एक जण कामासाठी रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर गाडी चालवतो. सुट्टीच्या दिवसांची धावपळ धरून महिन्याला 1,000 किलोमीटर होतात. शहरातल्या वाहतुकीत छोटी पेट्रोल कार लिटरला 15 किलोमीटर आणि सीएनजी कार किलोला 22 किलोमीटर चालते असे धरू. पेट्रोल 104 रुपये आणि सीएनजी 80 रुपये मानल्यास पेट्रोलवर सुमारे 6,900 आणि सीएनजीवर 3,600 रुपये खर्च होतील.

छोटी इलेक्ट्रिक कार घरच्या प्लगवर एका युनिटमागे साधारण 6 किलोमीटर देते, कारण चार्जिंग होताना थोडी वीज वाया जाते. म्हणजे महिन्याला सुमारे 167 युनिट लागतात. युनिटला 13 रुपये धरले तर खर्च सुमारे 2,200 रुपये. मात्र सार्वजनिक फास्ट चार्जरवर 18 टक्के जीएसटीसह युनिटला 22 रुपये पडले, तर हाच खर्च 3,700 रुपयांवर जातो. थोडक्यात, घरी प्लग नसेल तर इलेक्ट्रिक कार सीएनजीइतकीच महाग पडते. दर बदलतात, त्यामुळे आपल्या भागातील चार्जरचा दर अॅपमध्ये पाहून हा हिशेब पुन्हा करावा.

गाडीच्या किमतीचे काय?

इलेक्ट्रिक कार तशाच सीएनजी कारपेक्षा दीड लाख रुपयांनी महाग आहे असे समजू. घरी चार्जिंग असेल तर महिन्याला 1,400 रुपये वाचतात आणि हा फरक भरून निघायला जवळपास नऊ वर्षे लागतात. महिन्याला 2,000 किलोमीटर धावणाऱ्याला साडेचार वर्षे पुरतात. पेट्रोल कारच्या तुलनेत फरक दीड लाखाचाच असेल, तर 1,000 किलोमीटरवरही तो पावणेतीन वर्षांत निघतो. पण केवळ सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहणाऱ्याचा सीएनजीच्या तुलनेतील फरक कधीच भरून निघत नाही.

वेळ किती जातो?

टाटा टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीची क्षमता 24 युनिट आहे. फास्ट चार्जरवर ती 10 ते 80 टक्के भरायला सुमारे तासभर लागतो आणि तेवढ्यात शहरात साधारण 115 किलोमीटर जाता येते. म्हणजे 1,000 किलोमीटरसाठी महिन्यातून नऊ फेऱ्या आणि नऊ तास. रांग किंवा बंद पडलेला चार्जर यांचा वेळ वेगळा. 45 युनिटची बॅटरी असलेल्या गाडीला पाचच फेऱ्या पुरतील. त्यामुळे सोय नसलेल्यांना मोठी बॅटरी सोयीची ठरते, पण गाडी आणखी महाग होते. शिवाय सतत फास्ट चार्जिंग केल्यास बॅटरी लवकर झिजते.

सोसायटीत नेमके अडते कुठे?

बहुतेकदा विजेपेक्षा पार्किंगच्या जागेवर गाडे अडते. स्टिल्ट आणि मोकळी पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010 मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात दिला. ही जागा सामाईक असते आणि तिचे वाटप सोसायटी करते. आदर्श उपविधींनुसार जागा कमी आणि मागणारे जास्त असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप होते. यंदा खांबाजवळ मिळालेली जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेली, तर स्वखर्चाने टाकलेली केबल आणि प्लग तिथेच राहतात. जुन्या डोंबिवलीत तर अनेक इमारतींना पार्किंगच नाही. गाडी रस्त्यावर लागते आणि वरच्या मजल्यावरून वायर सोडणे धोकादायक आहे. ठाण्यातील काही टॉवरमध्ये एकावर एक गाड्या लावणारी यांत्रिक पार्किंग आहे. तिथे हलणाऱ्या पाट्यावर प्लग देणे कठीण असते.

नियम काय सांगतात?

वाहनधारकाला घरी असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. फेब्रुवारी 2024 मधील ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात नव्या इमारतींतील पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्यावर भर आहे. जुन्या इमारतीत मात्र केबल सामाईक जागेतून जाते, त्यामुळे सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागतेच. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी होकारावर गाडी बुक करू नये.

घरचा मीटर की वेगळा?

महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटचे टप्पे आहेत. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचे 167 युनिट वाढले, की शेवटची 67 युनिट 300 च्या वरच्या महाग टप्प्यात जातात. त्यामुळे गाडीचा खर्च काढताना बिलातील सरासरी नव्हे, तर वरच्या टप्प्याचा दर धरावा. चार्जिंगच्या वेगळ्या जोडणीला दराचा वेगळा वर्ग असून त्यात असे टप्पे नसतात, मात्र स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. कळवा-मुंब्र्यात वीजपुरवठ्याचे काम टोरंट पॉवरकडे असल्याने अर्ज तिथे करावा.

त्याआधी वायरमनकडून मीटर रूम, मंजूर भार आणि अर्थिंग तपासून घ्यावे. साध्या प्लगवरचा चार्जरही तासन् तास सुमारे 3 किलोवॅट भार ओढतो. इस्त्री किंवा गिझर असा सलग आठ तास चालत नाही. अर्ध्या तासानंतर प्लग हाताला गरम लागला तर वायर किंवा सॉकेट कमी क्षमतेचे आहे. चार्जर वारंवार लाल दिवा दाखवत असेल तर बहुधा अर्थिंगमध्ये दोष असतो. साधी एक्स्टेन्शन कॉर्ड वापरूच नये.

मधला मार्ग आहे का?

आहे. आठवड्याच्या 250 किलोमीटरसाठी सुमारे 42 युनिट, म्हणजे या प्लगवर 14 तास लागतात. दोन रात्रींत ते काम होते. त्यामुळे सोसायटीने ठरावीक सामाईक जागेत उपमीटरसह एकच 15 अँपिअरचा प्लग दिला, तरी पाळीपाळीने तीन गाड्यांचे भागते. चिठ्ठीत जागा बदलली तरी प्लग हलत नाही. सर्वसाधारण सभेत प्रत्येकासाठी वेगळी केबल मागण्यापेक्षा हा ठराव मंजूर होणे सोपे असते.

मग घ्यावी कुणी?

कायम जागा आणि लेखी परवानगी असलेल्याने, किंवा कार्यालयात आठवड्यातून दोनदा खात्रीने चार्जिंग मिळणाऱ्याने. त्यांच्यातही महिन्याला 1,500 किलोमीटरपेक्षा जास्त धावणाऱ्याला खरा फायदा होतो. ज्याच्याकडे यापैकी काहीच नाही आणि केवळ इंधन वाचवायचे आहे, त्याला सध्या सीएनजी कमी त्रासाची. सोसायटीत सामाईक प्लगचा ठराव झाला, की हिशेब पुन्हा मांडता येईल.