थोडक्यात की पूर्ण? सिस्टीम प्रॉम्प्टमधल्या भांडणाऱ्या सूचना

समजा, बनशंकरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबने व्हॉट्सॲपवरच्या चौकशीसाठी एआय सहायक बसवला. त्याच्या सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे प्रत्येक संभाषणाआधी मॉडेलला मिळणाऱ्या कायम सूचनांमध्ये, दोन ओळी आहेत: ‘उत्तर थोडक्यात द्या’ आणि ‘माहिती पूर्ण द्या’. मधुमेहाच्या रुग्णाने फास्टिंग शुगरची तयारी विचारली, तर कधी 8 तास उपाशी राहा एवढंच उत्तर येतं, कधी पानभर. छोट्या उत्तरातून नेमकी इन्सुलिनची सूचना गळते. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

गैरसमज: दोन्ही सूचना दिल्या की मॉडेल समतोल साधतं.
वस्तुस्थिती: समतोल कुठे, हे सांगितलेलंच नसतं. मग प्रश्नाची भाषा थोडी बदलली तरी निवड बदलते. ‘अत्यंत महत्त्वाचे’ असं लिहून भागत नाही. दोन्ही ओळींना तेच विशेषण लावलं, की आपण जिथे होतो तिथेच. शेवटची सूचना हमखास जिंकते, यावरही विसंबू नये.

गैरसमज: क्रम लावला की प्रश्न मिटला.
ही चूक जाणकारही करतात. ‘पूर्णता आधी, संक्षेप नंतर’ असं लिहिलं की संक्षेप कायमचा हरतो, कारण कोणत्याही उत्तरात आणखी काहीतरी घालता येतंच. मग लॅब रविवारी उघडी असते का, एवढं विचारणाऱ्यालाही सगळं वेळापत्रक मिळतं. क्रम उलटा केला तर इन्सुलिन पुन्हा गळतं.

म्हणून ‘पूर्ण’ हा शब्दच काढून टाकावा आणि काय वगळायचं नाही, ते नावानिशी लिहावं:

```
1. चाचणीच्या तयारीबद्दल प्रश्न असेल तर या तीन
   गोष्टी नेहमी सांगा: किती तास उपाशी राहायचं,
   पाणी चालेल का, आणि चालू औषधांबद्दल आधी
   डॉक्टरांना विचारावं.
2. उत्तर जास्तीत जास्त तीन वाक्यांत द्या.
3. नियम 1 तीन वाक्यांत बसत नसेल तर वाक्यं
   वाढवा; त्यापलीकडे काही जोडू नका.
```

सगळा भार तिसऱ्या ओळीवर आहे. भांडण कधी होतं, कोण माघार घेतं आणि किती, हे ती सांगते. वेळेच्या प्रश्नाला पहिला नियम लागूच होत नाही, त्यामुळे उत्तर आपोआप छोटं राहतं.

गैरसमज: एकदा बरोबर उत्तर आलं म्हणजे नियम पक्का.
वस्तुस्थिती: त्याच प्रश्नाला मॉडेल दरवेळी तेच उत्तर देईल असं नसतं. तपासणी भांडणाच्या जागीच करावी: दोन चाचण्यांबद्दल एकत्र विचारा, ‘एका ओळीत सांगा’ असा आग्रह धरा आणि प्रत्येक प्रश्न दहादा चालवून पाहा. त्या आग्रहापुढे औषधांची ओळ गळू लागली, तर नियम 3 मध्ये एक वाक्य वाढवा: ग्राहकाने एका ओळीत मागितलं तरी नियम 1 पाळा. आणि पुन्हा दहादा चालवा.